हॉस्टेलवरून लेकीचं पत्र: "आई, तुझी मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

वेंगुर्लेकरीण

नमस्कार मंडळी. माझी लेक पुण्याला बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. या गणपतीला चाचणी परीक्षेमुळे तिला येता आलं नाही. शेजारच्यांचा मुलगा पुण्याहून आला, त्याच्याबरोबर तिने सांबार मसाल्याची रिकामी बरणी धुऊन परत पाठवली. झाकण उघडलं तर आत घडी घातलेलं पत्र! वहीचं पान, दोन्ही बाजू भरलेल्या. जसंच्या तसं देते:

"आई,

फोनवर विचारलं की तू 'अगं अंदाजानेच घालते मी' म्हणतेस आणि जेवलीस का विचारतेस. म्हणून लेखी विचारते आहे, उत्तरही लेखी दे.

1. धने दोन वाट्या. कुठली वाटी? आमटीची, की देवापुढची?
2. मिरच्या दोन मुठी. कोणाची मूठ? माझी तुझ्यापेक्षा लहान आहे, आपण मागे लावून बघितली होती.
3. मेथी एक चमचा. पोह्याचा, की मिसळणाच्या डब्यातला?
4. कढीपत्ता 'बऱ्यापैकी' म्हणजे काय?
5. भाजणे 'खमंग होईपर्यंत'. खमंग कधी होतं?

मी एकदा करून पाहिलं. वाटी 150 मिलीची धरली, म्हणून धने 300 ग्रॅम घेतले. उडीद डाळ आणि चणाडाळ पाव-पाव वाटी, म्हणजे 37-37 ग्रॅम. मिरच्या माझ्या दोन मुठी. सांबार पाण्यासारखं झालं. वर पाणी आणि खाली डाळ. चव नुसती धन्याची, गिळताना घशाला भुसा लागत होता. माझी रूममेट चेन्नईची आहे. ती चांगली मुलगी आहे, 'सूप छान झालंय' म्हणाली.

पुढच्या वेळी मला ग्रॅममध्ये सांग. नाहीतर बरणी भरून पाठव, पण मग मी कधीच शिकणार नाही आणि तो दोष तुझा."

तर आता या दोषातून मला सोडवा. हा मसाला मी कारवारला शिकले. लग्नानंतर सहा वर्षं यांची नोकरी तिथे होती, शेजारी उडुपीच्या एक काकू राहायच्या. त्यांनीही मला वाटी-मुठीतच सांगितला होता. आज इतकी वर्षं हातच मोजतो. हाताचं ग्रॅम कसं करायचं?

---

रापण

गे बाय, सांबारा म्हटला की काळ्या वाटाण्याचा. वाटाणे रातभर भिजत घालूचे, कांदो-खोबरा भाजून वाटप लावूचा, वडे करूचे. तेका ही धन्याची पावडर कित्या होयी? चेडवाक सांग, खोबरा भाज.

---

वेंगुर्लेकरीण

@रापण, ते सांबारं वेगळं हो. ती इडलीबरोबरच्या सांबाराबद्दल विचारते आहे. काळ्या वाटाण्याचं तिला येतं. कसं माहीत नाही, त्याची मापं तिने कधी विचारली नाहीत.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी शीर्षक न वाचता आत आलो आणि वाटलं, कोथिंबिरीची पावडर कोण करतं बुवा. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी खाऊन बघा कधी. बाकी चालू द्या.

---

सोलकढी_डबल

सोपं आहे ताई. एक वाटी म्हणजे 100 ग्रॅम, एक चमचा म्हणजे 5 ग्रॅम, एक मूठ म्हणजे 50 ग्रॅम. मी सगळ्या पाककृती अशाच लिहून ठेवते. कधी काही बिघडलेलं नाही.

---

कांडपवाला

सोलकढी ताई, माफ करा, पण त्या पोरीचा मसाला नेमका यानेच बिघडला आहे. फक्त तिने 100 ऐवजी 150 धरले.

सावंतवाडीला माझं मसाला कांडप आहे. बावीस वर्षं एप्रिल-मे महिन्यांत बायकांच्या पिशव्या वजन करून घेतोय, म्हणून सांगतो. वाटी जागा मोजते आणि काटा वजन मोजतो. धना आतून पोकळ असतो, वर गोल, दाण्या-दाण्यांमध्ये हवा. 150 मिलीच्या वाटीत धने भरतात साधारण 50 ग्रॅम. त्याच वाटीत उडीद डाळ भरते 120 ग्रॅमच्या आसपास. वाटी एकच, वजन दुपटीहून जास्त.

आता पत्रातला हिशेब बघा. दोन वाट्या धने म्हणजे खरे 100 ग्रॅम. तिने घेतले 300. डाळींत मात्र तिची फारशी चूक झाली नाही, कारण डाळीची वाटी 150 ग्रॅमच्या जवळपास जाते. म्हणजे धने तिप्पट आणि बाकी सगळं जवळजवळ तेवढंच. घशाला लागलेला भुसा म्हणजे धन्याची सालं.

ताई, तुम्ही एवढंच करा. मसाल्याला जी वाटी घेता तीच घ्या, दुसरी नको. काठोकाठ पाणी भरून वजन करा. रिकाम्या वाटीचं वजन वजा केलं की जितके ग्रॅम तितके मिली. मग तीच वाटी एकेका जिनसाने नेहमीसारखी भरून काट्यावर ठेवा आणि आकडे इथे लिहा. आणि सगळं कच्चं असताना मोजा, भाजल्यावर नको.

---

सोलकढी_डबल

का बरं? उलट भाजल्यावर मोजलं तर जास्त अचूक नाही का? भाजलं की त्यातलं पाणी निघून जातं, मग खरं वजन राहतं.

---

कांडपवाला

पाणी निघून जातं हे बरोबर. पण किती निघेल ते भाजणाऱ्यावर आहे. तुम्ही मंद आचेवर दहा मिनिटं भाजाल, ती इंडक्शनवर चार मिनिटांत उरकेल. दोघींचं भाजून 100 ग्रॅम वेगळं असणार. दुकानातून आणलेला कच्चा धना दोघींचा सारखा असतो.

सारखा म्हणजे जवळपास सारखा. जाड टपोरे धने वाटीत कमी वजनाचे भरतात, बारीक धने जास्त. म्हणून तर ग्रॅम बरे.

---

खलबत्ता_मास्तर

मी फार्मसी कॉलेजात शिकवतो (तिच्या नाही, निर्धास्त राहा). कन्येची चूक वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण भुकटीची बल्क डेन्सिटी आम्ही चौथ्या सत्रात शिकवतो. ती आता तिसऱ्या सत्रात असणार. सहा महिने थांबली असती तर सांबार जमलं असतं.

एक कळकळीची विनंती. प्रयोगशाळेतल्या काट्यावर खाण्याचा पदार्थ मोजू नको म्हणावं, आणि तिथल्या खलात वाटू तर मुळीच नको. मुलं करतात, मी पकडलेली आहेत. त्या खलात, काट्यावर आधी काय होतं ते कोणालाही माहीत नसतं. स्वयंपाकाचा साधा काटा स्वस्तात मिळतो.

मात्र साध्या काट्याला एक मर्यादा आहे. तो एक-एक ग्रॅमने आकडा दाखवतो. 100 ग्रॅम धन्यांत एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कोणाला कळणार नाही. 4 ग्रॅम मेथीत एक ग्रॅम चुकला तर पाव हिस्सा चुकला. आणि मेथी ही नेमकी चुकलेली कळणारी गोष्ट आहे.

---

पुणेरी_चाकरमानी

सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून आलं हे माहीत आहे ना सगळ्यांना? तंजावरला शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, म्हणून आमटीत चिंच घातली. पाहुणे संभाजीराजे होते, म्हणून सांभार. म्हणजे मूळ पदार्थ आपलाच, आणि आमसुलं तर कोकणचीच!

---

जुना_दप्तरी

ही गोष्ट छान आहे, पण ती गोष्टच आहे. तंजावरचे शहाजीराजे 1684 ते 1712 गादीवर होते आणि संभाजी महाराज 1689 ला गेले, त्यामुळे काळ जेमतेम जुळतो. पण दोघं एका पंगतीला बसले याचा त्या काळातला कागद कोणी दाखवलेला नाही. संस्कृतात 'संभार' म्हणजे गोळा केलेलं साहित्य, गोव्यात आजही मसाल्याला सांबारें म्हणतात. शब्दाला राजाची गरज नाही.

---

पुणेरी_चाकरमानी

कागद नाही म्हणून झालंच नाही असं कसं म्हणता येईल?

---

जुना_दप्तरी

वेगळा धागा काढा, तिथे येतो.

---

दादरची_माहेरवाशीण

माझा मुलगा जर्मनीत आहे, त्याला मी मेतकूट पाठवते. विमानतळावर काय आहे म्हणून विचारलं तर त्याने 'औषध' सांगितलं आणि मग दोन तास बसवून ठेवलं. तेव्हापासून मी पुडीवर इंग्रजीत जिन्नस लिहून देते. तुम्हीही लिहून द्या.

---

वेंगुर्लेकरीण

@दादरची_माहेरवाशीण, पुण्याला जायचंय हो, एसटीने. पण लक्षात ठेवते.

कांडपवाले भाऊ, आकडे आणले. दोन दिवस लागले, कारण माझ्याकडचा काटा काजूगर विकायचा आहे. तो 5 ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही.

वाटी माझी स्टीलची, काठाला एक पोचा आहे. पाणी 150 भरलं! लेकीने अंदाजाने नेमकी तीच धरली होती. धने दोन वाट्या 100 ग्रॅम, तुम्ही म्हणालात तसेच. उडीद डाळ पाव वाटी आणि चणाडाळ पाव वाटी, दोन्ही 30.

मिरची ब्याडगी, देठ काढलेली. एका मुठीचं वजन करायला गेले तर दर वेळी वेगळं. मग पाच मुठी एका टोपात टाकल्या आणि एकदम मोजल्या, 105 भरल्या. म्हणजे मूठ 21 ची. दोन मुठींचे 40 धरते.

मेथी, जिरं, मिरी, हिंग यांना काटा हलेचना. शेवटी पिशवीत मिसळणाचा डबा घेऊन बाजारातल्या सोनाराकडे गेले. तो आमच्या ओळखीचा आहे. आधी त्याला वाटलं काहीतरी मोडायला आणलंय. डबा उघडल्यावर माझ्याकडे बघतच राहिला. पण ताटली पुसून घेतली आणि मोजून दिलं. मेथीचा एक चमचा तीनदा मोजला: 3.84, 4.02, 3.91. जिरं दोन चमचे 4.5 ग्रॅम. काळी मिरी एक चमचा 3 ग्रॅम. खडा हिंग, हरभऱ्याएवढा, 0.42. चमचा मिसळणाच्या डब्यातलाच. मागे एक बाई मंगळसूत्र घ्यायला बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडून कृती लिहून घेतली.

कढीपत्ता 'बऱ्यापैकी' म्हणजे पाच काड्या, पानं 10 ग्रॅम. हळद शेवटी अर्धा चमचा.

---

वऱ्हाडी_ठेचा

मेथी 3.84 ग्रॅम, बावीस कॅरेट.

---

कांडपवाला

काम पक्कं केलंत. पाच मुठी एकत्र मोजल्या हे तर उत्तमच, मूठ मोजायची तीच रीत.

आता दोन मसाले शेजारी ठेवून बघा. कढीपत्ता सोडला तर तुमच्या मसाल्यात शंभर भागांत धने साधारण 47, दोन्ही डाळी मिळून 28, मिरची 19. लेकीच्या मुठी तिच्या म्हणण्याप्रमाणे लहान, दोन मुठींचे 25 ग्रॅम धरले तर तिच्या मसाल्यात धने 73, डाळी 18, मिरची 6. हा सांबार मसाला नाही, ही धनेपूड झाली. चव नुसती धन्याची लागली हे तिने अगदी बरोबर ओळखलं. जीभ चांगली आहे.

पण एक गोष्ट मला खटकते. "वर पाणी आणि खाली डाळ" हे मसाल्याचं काम नाही. मसाल्यातल्या डाळींनी सांबाराला थोडा दाटपणा येतो खरा, पण डाळ खाली बसते ती शिजून मोडलेली नसते तेव्हा. तिने तूरडाळ कशात शिजवली ते विचारा.

---

वेंगुर्लेकरीण

विचारलं. चहाच्या किटलीत.

---

खलबत्ता_मास्तर

अरे देवा. किटली उकळी आली की आपोआप बंद होते. तूरडाळीला बंद झाकणात दाब तरी हवा, नाहीतर पाऊण-एक तास तरी उकळत राहायला हवं.

---

मसूर_चालतो

हॉस्टेलमध्ये कुकर चालत नसेल तर मसूरडाळ घ्या. इंडक्शनवर साध्या पातेल्यात वीस मिनिटांत मऊ होते. चार वर्षं मी त्यावर काढली.

---

कारवारची

मसुराचं सांबार? अहो त्याला आमटी म्हणा आणि मोकळ्या व्हा. तूरडाळ गरम पाण्यात दोन तास भिजवली, हळद आणि चमचाभर तेल घालून पातेल्यात झाकून ठेवली की अर्ध्या-पाऊण तासात शिजते. मग रवीने घोटायची. घोटलीच नाही तर कुकरची डाळही खाली बसते.

वेंगुर्लेकरीण ताई, तुमच्या उडुपीच्या काकूंनी चणाडाळ सांगितली होती का नक्की? आमच्याकडे उडुपी पद्धतीत उडीद डाळ, मेथी, जिरं, धने, ब्याडगी, हिंग, कढीपत्ता. सगळं खोबरेल तेलावर भाजायचं. चणाडाळ आणि मिरी तमिळ घरांत घालतात. आणि आमचा मसाला बरणीत राहत नाही. त्या दिवशीच्या त्या दिवशी ओल्या खोबऱ्याबरोबर वाटतो.

---

वेंगुर्लेकरीण

खरं सांगू? चणाडाळ आणि मिरी मी कधी घालायला लागले ते आठवत नाही. काकूंच्या यादीत होती की नाही, आता विचारायलाही त्या नाहीत. कोरडा करून बरणीत भरायला सुरुवात मीच केली, यांच्या डब्याच्या घाईत. खोबरेलावर भाजते मात्र अजून.

---

कारवारची

मग काही हरकत नाही, तो तुमचा मसाला झाला. फक्त मुलीने खोबरेल तेल अगदी एक चमचाच वापरावं, आणि तेही हिंग आणि कढीपत्त्यापुरतं. तेल जास्त झालं तर बरणीतल्या मसाल्याला महिन्याभरात खवट वास येतो.

---

सोलकढी_डबल

आता पाचवा प्रश्न राहिला, खमंग कधी होतं? मेथी चांगली काळी होईपर्यंत भाजा, कडूपणा जातो.

---

कांडपवाला

ताई, इथे पुन्हा तुमच्याशी भांडावं लागणार. भाजल्याने मेथीचा कच्चा कडूपणा कमी होतो हे खरं. पण बदामी रंगाच्या पुढे गेली की जळका कडूपणा येतो, आणि तो सांबारात गूळ घालूनही जात नाही. काळी मेथी माझ्याकडे आली की मी पिशवी परत देतो, कारण नंतर नाव कांडपाचं खराब होतं.

पोरीसाठी लिहितो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. धने मंद आचेवर, एक दाणा बोटांत दाबला की कट्‌ करून फुटला पाहिजे. चिवट दबला तर कच्चा. उडीद डाळ लालसर. चणाडाळ दाताखाली कुरकुरली पाहिजे. मेथी बदामी झाली की लगेच ताटात काढायची, कढईत ठेवायची नाही, गॅस बंद केला तरी गरम कढई तिला पुढे नेते. मिरची फक्त गरम करून कडक करायची. ठसका लागला म्हणजे जळली. कढीपत्ता हाताने चुरला गेला पाहिजे, वाकला तर आत पाणी आहे. हिंग तेलात फुलला पाहिजे, फोडला तर आतून पांढरा आणि चिकट नको.

आणि पूर्ण गार होऊ दे. कोमट असताना वाटून बरणीत भरलं की झाकणाला वाफ धरते, आठ दिवसांत गुठळ्या. आपल्याकडच्या भाद्रपदात तर चार दिवसांत.

---

वेंगुर्लेकरीण

हे सगळं कागदावर उतरवून पाठवते. मी पण कालच ताजा केला, या वेळी मोजून. कच्चं सगळं मिळून 225 ग्रॅमच्या आसपास होतं, वाटल्यावर 205 भरलं. म्हणजे 20 ग्रॅम पाणीच गेलं म्हणायचं.

---

मसूर_चालतो

सांबारात घालायचा किती, ते पण लिहा. हॉस्टेलमध्ये आम्ही "थोडा अजून, थोडा अजून" करत बरणी संपवायचो.

---

वेंगुर्लेकरीण

एक वाटी तूरडाळीला दोन पोह्याचे चमचे. मोजले, 12 ग्रॅम. चिंचेच्या पाण्यात भाज्या शिजल्या की मसाला घालते आणि सात-आठ मिनिटं उकळू देते, मग डाळ. डाळ आधी घातली तर मसाला कच्चा लागतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कच्चं लागल्यावर कळलं.

---

रापण

इतक्या येळात काळे वाटाणे भिजान मोड इले असते.

---

वेंगुर्लेकरीण

(साडेतीन आठवड्यांनी धागा वर काढते आहे, रागवू नका.)

बरणी परत आली. या वेळी भरलेली! वर चिकटपट्टीवर लिहिलंय, "बॅच 2, निव्वळ वजन 198 ग्रॅम, खमंग: होय". तिने तिथे केलेला मसाला मला तपासायला पाठवलाय. सोबत चिठ्ठी, की डाळ भिजवून घोटली, सांबार खाली बसलं नाही, चेन्नईवालीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि या वेळी सूप म्हणाली नाही. रंग मात्र फिका आला, कारण ब्याडगी म्हणून मिळालेली मिरची तिखट निघाली आणि रंगाला काही नाही. देठ मोडून न बघता घेतली असणार.

रविवारी मी दोन पातेल्यांत सांबार केलं. एकात तिचा मसाला, एकात माझा. यांना सांगितलं नाही कुठलं कोणाचं. यांनी दोन्ही चाखलं आणि तिच्या सांबाराबद्दल म्हणाले, "चांगलं आहे, पण यात तुझ्या सांबाराचा मागचा तो कडवटपणा नाही." मला पटेना. आकडे तेच, जिन्नस तेच.

मग स्वयंपाकघरात जाऊन मेथीचा चमचा नेहमीसारखा भरला आणि बघत राहिले. मी शीग लावून घेते! सोनाराच्या दुकानात लोक बघत होते, काटा समोर, म्हणून मी बोटाने चमचा सपाट करून दिला होता. तीनही वेळा. घरी बोट कधी फिरवत नाही.

---

खलबत्ता_मास्तर

ताई, तुमची परवानगी असेल तर हा प्रसंग मी वर्गात सांगणार आहे.

---

सोलकढी_डबल

मग शीगेचा चमचा किती? 5 ग्रॅम? बघा, मी म्हटलं होतं एक चमचा म्हणजे 5.

---

कांडपवाला

शीगेचा चमचा 5 पण असेल, 6 पण असेल, शीग किती उंच त्यावर आहे. ताई, पाच शीगेचे चमचे एकत्र मोजा, मुठींसारखे. आणि पोरीला इतक्यात आकडा बदलून सांगू नका. तिला कडवटपणा कमी असलेला आवडला असेल तर?

---

कारवारची

हेच म्हणणार होते. आणि मुळात काकूंचा कसा होता कोणास ठाऊक.

---

वेंगुर्लेकरीण

तिला विचारलं. म्हणाली, "आधी खरा आकडा दे, मग मी ठरवीन." तेव्हा आज पुन्हा डबा घेऊन सोनाराकडे गेले. पाच शीगेचे चमचे, 29.6 ग्रॅम. म्हणजे एक सहाला टेकला. सोनार म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी मजुरी लावीन."

मिरची मी इथूनच पाठवते आहे, देठ काढून, 40 ग्रॅमच्या दोन पुड्या.